संचालक मंडळाला पॉवर फॅक्टर तोंडी कसा समजावायचा?

प्रश्न: मी खान्देशातल्या एका सहकारी सूतगिरणीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. आमचा पॉवर फॅक्टर ०.८० वर आलाय, जुने कपॅसिटर गेलेत, नवीन ऑटोमॅटिक पॅनेल हवंय. पुढच्या मीटिंगमध्ये संचालकांना मला स्वतः सांगायचंय. सगळे शेतकरी माणसं, वयानं मोठी. मागच्या वेळी मी केव्हीए, केव्हीएआर, लॅगिंग असं बोललो आणि विषय पुढं ढकलला गेला. दुधाच्या फेसाचं उदाहरण द्यावं का? बिल साधारण असं: महिन्याला ४ लाख केडब्ल्यूएच, ५ लाख केव्हीएएच.

उत्तर:

फेसाचं उदाहरण देऊ नका. कारण पुढं सांगतो. आधी तुमच्या हातात काय आहे ते बघा. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य हीच मीटिंगमधली पहिली ओळ आहे. उभं राहिल्यावर नमस्कार करून एवढंच म्हणा: "नाना, आबा, गेल्या महिन्यात आपल्या मशिनींनी ४ लाख युनिट वापरले आणि आपण बिल भरलं ५ लाख युनिटांचं." आणि थांबा. पॉवर फॅक्टर हा शब्द अजून तोंडातून काढू नका. कुणीतरी विचारणारच, "मंग हाई वीज जास कोठे?" हा प्रश्न त्यांच्याकडून आला की पुढची दहा मिनिटं ते तुमचं ऐकतात. तो न येता तुम्ही व्याख्या सुरू केलीत, तर मागच्या वेळेसारखंच होईल.

हे बिलात कसं लपलंय ते मात्र तुम्हाला नीट माहीत हवं, कारण जुन्या संचालकांची अडचण तिथंच असते. उच्चदाब ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ये-जा करणाऱ्या विजेसकट, बिल लावतं. त्याआधी केडब्ल्यूएचवर, म्हणजे मशिनींनी खरंच वापरलेल्या युनिटवर, आकारणी व्हायची. पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला की दंडाची वेगळी ओळ बिलावर यायची, आणि चांगला असला की सवलतीची. जुने चेअरमन ती ओळ बघून मॅनेजरला विचारायचे. आता दंडाची ओळ नाही. जो भुर्दंड आहे तो युनिटच्या आकड्यातच मिसळलेला असतो. त्यामुळे "बिलात दंड कुठंय दाखव" असं कुणी म्हटलं, तर ते खोटं बोलत नाहीत, त्यांना जुनं बिल आठवतंय. त्यांना दोन बिलं शेजारी ठेवून दाखवा, २०२० च्या आधीचं एक आणि आताचं एक. दोन्हींवर फक्त दोन आकड्यांना पेनानं गोल करा. प्रोजेक्टर लावू नका. कागद हातात आला की माणूस स्वतः वाचतो आणि शेजारच्याला दाखवतो.

आता उदाहरण. फेसाची अडचण अशी की फेस म्हणजे फसवणूक, असं आपल्याकडं प्रत्येकाच्या मनात पक्कं आहे. किटलीत फेस दिसला की दूध घालणाऱ्यावर संशय येतो. तुम्ही ते उदाहरण दिलंत की पहिला प्रश्न येतो, "महावितरण आपल्याला फेस विकतंय का?" आणि चर्चा तक्रार अर्जाकडं वळते. दुसरं म्हणजे फेस निरुपयोगी असतो. इथं जी वीज जादा दिसते ती निरुपयोगी नाही. मोटरच्या आत चुंबक तयार झाल्याशिवाय मोटर फिरत नाही, आणि ते चुंबक तयार करायला ती लागतेच. फक्त ती खर्च होत नाही. लाइनवरून येते, चुंबक उभं करते, परत जाते, पुन्हा येते, असं सेकंदाला कितीतरी वेळा. येणं-जाणं मात्र आपल्या केबलमधून, ट्रान्सफॉर्मरमधून आणि मीटरमधून होतं.

म्हणून उदाहरण असं हवं, ज्यात एक वस्तू येऊन संपते आणि दुसरी वस्तू गरजेची असूनही नुसती ये-जा करते. खान्देशात केळीवाल्यांना ते रोज दिसतं. मी वापरतो ते असं, आणि तुम्ही हे जसंच्या तसं बोललात तरी चालेल:

"समजा तालुक्याच्या गावाहून शेतात गाडी येते. तिच्यात खताच्या गोण्या आहेत आणि रिकामी कॅरेट आहेत. गोण्या शेतात संपतात. कॅरेट संपत नाहीत, ती परत जातात, उद्या पुन्हा येतात. कॅरेटशिवाय काम होत नाही, पण त्यांनी गाडीतली जागा अडवली. भाडं आपण पूर्ण गाडीचं देतो. आता हीच कॅरेट शेतातल्या शेडमध्ये आपल्या मालकीची ठेवली तर? गाडीत फक्त गोण्या येतील, गाडी लहान लागेल, भाडं कमी होईल. कपॅसिटर म्हणजे आपल्या शेडमधली कॅरेट."

एवढंच. गोण्या म्हणजे मशिनीनं वापरलेली वीज, अख्खी गाडी म्हणजे बिलात धरलेली वीज. पॉवर फॅक्टर हा शब्द आता उच्चारा, एकदाच: "गाडीत शंभर भागांपैकी खरा माल किती, त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. आपला ०.८० आहे, म्हणजे शंभरात ऐंशी." केव्हीएआर हा शब्द शेवटपर्यंत आला नाही तरी काही बिघडत नाही. तो कोटेशनवर छापलेला असतो, तिथं कुणी विचारलं तर "कॅरेटची संख्या" म्हणा.

मी हे उदाहरण निवडतो त्याचं मोठं कारण पुढच्या एका प्रश्नात आहे, जो तुमच्या मीटिंगमध्ये नक्की येईल: "मग एकदाच मोठे कपॅसिटर बसवून टाका, ऑटोमॅटिक पॅनेलचा जादा खर्च कशाला?" इथं फेसाचं उदाहरण तुम्हाला काहीच मदत करत नाही. कॅरेटचं करतं. शेडमध्ये गरजेपेक्षा जास्त कॅरेट झाली की उरलेली परत पाठवावी लागतात, आणि त्याचंही भाडं लागतं. वीजबिलात अगदी हेच होतं. केव्हीएएच काढताना मीटरमधली लॅगिंग, म्हणजे कपॅसिटर कमी पडल्याची, आणि लीडिंग, म्हणजे ते जादा झाल्याची, अशी दोन्ही बाजूंची नोंद एकत्र धरली जाते. रिंगफ्रेम बंद आहेत, सुटीचा दिवस आहे, आणि ५०० केव्हीएआरचे कपॅसिटर सगळे चालूच आहेत, तर आता लीडिंगमुळे बिल वाढतं. ऑटोमॅटिक पॅनेलचं काम एवढंच, की गरज असेल तेवढे कपॅसिटर टप्प्याटप्प्यानं आत घ्यायचे आणि बाकीचे बाहेर काढायचे. संचालकांना हे सांगायला नवीन शब्द लागत नाही: "शेडमध्ये एक माणूस उभा, लागतील तेवढीच कॅरेट काढून देतो." पॅनेलची गरज त्यांना अशी पटली की खर्चाचा वाद निम्मा मिटतो.

आता आकडे. तुम्ही दिलेल्या युनिटवरून हिशेब बांधतो. गिरणी महिन्यात सरासरी ५०० तास पूर्ण भारावर चालली असं धरलं, तर ४ लाख युनिट म्हणजे ८०० किलोवॅट. ०.८० पॉवर फॅक्टरला त्यासाठी लाइनवर १००० केव्हीए लागतात आणि ये-जा करणारा भाग ६०० केव्हीएआर निघतो. त्यातले ५०० जागेवर दिले की लाइनवर १०० उरतात, आणि १००० चे साधारण ८०६ केव्हीए होतात. पॉवर फॅक्टर ०.९९ होतो. हे तुमच्या वहीत ठेवा. मीटिंगमध्ये ८००, ६०० आणि १००० हे तीन आकडे एकत्र बोलू नका, कारण ८०० आणि ६०० ची बेरीज १४०० होते हे समोरचा माणूस लगेच सांगेल, आणि त्याचं बरोबरच असेल. ही बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमानं होते, आणि कॅरेटचं उदाहरण इथं तुटतं. गाडीतल्या गोण्या आणि कॅरेट साध्या बेरजेनं मिळतात, वीज मिळत नाही. कुणी खोलात विचारलंच तर स्पष्ट सांगा, "उदाहरण इथपर्यंतच चालतं, पुढची बेरीज शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखी आहे." उदाहरण कुठं संपतं हे आपण स्वतः सांगितलं की बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. मग तांत्रिक खुलासा तिथंच थांबवा आणि रुपयांवर या.

रुपयांचा हिशेब असा. ०.९९ कागदावर मिळतो, पण तो वर्षभर टिकेल असं मंडळाला सांगू नका. ०.९८ धरा. ४ लाख भागिले ०.९८ म्हणजे सुमारे ४ लाख ८ हजार केव्हीएएच. ५ लाखांतून ते गेले की ९२ हजार वाचले. हिशेबापुरता दर ८ रुपये धरला तर महिन्याला ७ लाख ३५ हजारांच्या आसपास. तुम्ही तोंडी "सात लाख" म्हणा, आणि दर मात्र तुमच्या चालू बिलावरचाच घ्या. मागणी आकारात, म्हणजे डिमांड चार्जमध्ये, आणखी काही वाचेल, पण करार मागणीच्या ठराविक टक्क्यांखाली तो आकार उतरत नाही, म्हणून त्याची बचत या हिशेबात धरू नका. वाचली तर वरकड. पॅनेलच्या कोटेशनची रक्कम या सात लाखांनी भागा, आणि किती महिन्यांत पैसे सुटतात ते एका वाक्यात सांगा. टक्केवारी, परतावा, पेबॅक वगैरे काही नको. "अमुक महिन्यांत सुटतो" हे प्रत्येकाला कळतं, ट्रॅक्टर घेतानाही तोच हिशेब असतो.

यात एक गोष्ट जपा. पॅनेल विकणारे "वीजवापर वीस टक्क्यांनी घटेल" असं बोलतात. तुम्ही ते बोलू नका. मोटर जेवढं काम करते तेवढी वीज ती घेणारच, ४ लाखांचे ४ लाखच राहतील. केबल आणि ट्रान्सफॉर्मरमधली थोडी उष्णता कमी होईल, ती किरकोळ. कमी होणार आहे ते बिलात धरलेलं युनिट. हा फरक मीटिंगमध्ये स्पष्ट केला नाही, तर दोन महिन्यांनी कुणी केडब्ल्यूएचचा रकाना बघून म्हणेल, "काहीच फरक नाही पडला." आणि तो आकडा खरंच बदललेला नसेल.

शेतकरी संचालकांसमोर कपॅसिटर हा शब्द आला की आणखी एक गोष्ट होते, आणि तिची तयारी करून जायला हवं. विहिरीवर, बोअरवर बहुतेकांकडं कपॅसिटरचा डबा आहे. तुम्हाला वाटेल, चला, ओळखीचा शब्द सापडला. पण त्यातल्या अनेकांनी तो दोन फेजवर तीन फेजची मोटर चालवायला लावलेला असतो. त्यांच्या डोक्यात कपॅसिटर म्हणजे फेज नसताना मोटर ओढणारी वस्तू. मग ते विचारतात, "गिरणीत तर तीनही फेज येतात, मग डबा कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांना सांगा, "दादा, वस्तू तीच, काम वेगळं. विहिरीवर तो गेलेल्या फेजची जागा भरून काढतो, इथं तो शेडमधली कॅरेट आहे." विहिरीवरही योग्य मापाचा कपॅसिटर मोटरला जोडला की लाइनवरचा करंट उतरतो आणि गावच्या डीपीवरचा भार हलका होतो. महावितरण शेतकऱ्यांना कपॅसिटर बसवायला सांगतं ते यासाठीच. पण शेतीपंपाचं बिल अश्वशक्तीवर किंवा साध्या युनिटवर येत असल्यानं त्याचा फायदा शेतकऱ्याला स्वतःच्या बिलात दिसत नाही.

कुणीतरी घरासाठीही विचारेल, टीव्हीवर जाहिरात केलेला सॉकेटमध्ये लावायचा "पॉवर सेव्हर" घ्यावा का म्हणून. नको म्हणा. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर येतं, तिथं कॅरेटचं भाडं लागतच नाही. या उत्तरानं एक गोष्ट साधते. ज्या माणसानं त्यांना एक वस्तू घेऊ नका म्हणून सांगितलं, तो दुसरी घ्या म्हणतो तेव्हा ते ऐकतात.

आता दाखवायची वस्तू. एक मेलेला कपॅसिटर सोबत न्या, शक्यतो पोट फुगलेला. आधी तो पॅनेलमधून काढून नीट डिस्चार्ज झालाय याची खात्री स्वतः करा, टर्मिनल शॉर्ट करून तसेच बांधून ठेवा, कारण मीटिंगमध्ये तो हातोहात फिरणार आहे. आणि त्याच्यासोबत एक चालू कपॅसिटरचं आणि एक कमजोर कपॅसिटरचं क्लॅम्प मीटरचं रीडिंग कागदावर लिहून न्या. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कपॅसिटर असेल तर त्याच्या पाटीवरचा करंट ३३ अँपिअरच्या आसपास असतो. तुमच्याकडं लाइन ४१५ व्होल्टची असेल तर चांगला कपॅसिटर ३१ दाखवतो. बाद होत आलेला १८, २० दाखवेल, किंवा तीन फेजमध्ये तीन वेगळे आकडे देईल. बाहेरून तो धडधाकट दिसतो, लाल दिवा लागलेला असतो, काँटॅक्टर ओढलेला असतो. "दिवा लागतोय म्हणजे चालू आहे" असं तुमच्याच शिफ्टमधल्या वायरमनलाही वाटत असेल. तुमचा पॉवर फॅक्टर ०.८० पर्यंत घसरला तो असाच, एकेक कपॅसिटर आतून गळत जाऊन. एका संचालकाला शक्य झालं तर मीटिंगच्या आधी सबस्टेशनमध्ये नेऊन हे रीडिंग त्यांच्या डोळ्यांदेखत घ्या. वायर, पॅनेल त्यांना हात लावू देऊ नका, मीटरचा आकडा फक्त वाचू द्या. मग मीटिंगमध्ये तुमच्याआधी तेच बोलतील: "मी बघून आलो, तेहतीसच्या ठिकाणी अठरा येतोय."

जुने कपॅसिटर का गेले, हा प्रश्नही त्यातून निघेल, आणि तिथं उदाहरण पूर्ण बाजूला ठेवा. आजच्या गिरणीत मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह असतात. त्यांच्यामुळं विजेची लाट सरळ राहत नाही, तिच्यात बारीक लहरी मिसळतात. त्या लहरी कपॅसिटरमध्ये जास्त शिरतात, तो तापतो, फुगतो, आणि कधी ट्रान्सफॉर्मरशी त्याचं असं जुळतं की त्या लहरी कितीतरी पटींनी वाढतात. म्हणून कपॅसिटरच्या आधी रिअॅक्टर लावतात, बहुतेक ठिकाणी ७ टक्क्यांचा, आणि त्याच्यासोबत कपॅसिटरही जास्त व्होल्टेजचा घ्यावा लागतो, कारण रिअॅक्टर लागला की कपॅसिटरच्या टोकांवरचं व्होल्टेज वाढतं. कोटेशन वाढतं ते इथं. याला कॅरेटमध्ये बसवायचा प्रयत्न केलात की उदाहरण हास्यास्पद होतं आणि आधीचं समजलेलंही विस्कटतं. साधं बोला: "ड्राइव्हमुळं लाइन खडबडीत झालीय. साधा कपॅसिटर अशा लाइनवर टिकत नाही. रिअॅक्टर त्याला वाचवतो. तो नसला तर पुन्हा हेच कपॅसिटर बदलावे लागतील." आणि त्याआधी या लहरींचं, म्हणजे हार्मोनिकचं, आठवडाभर मोजमाप करून घ्या. रिअॅक्टर लागतो का, किती टक्क्यांचा, हे त्या मोजमापावरून ठरू दे, विक्रेत्याच्या सांगण्यावरून नको. मंडळाकडं ठराव मागताना मोजमापाचा छोटा खर्च आधी मंजूर करून घेतलात तरी चालेल, फक्त त्यासाठी मूळ विषय पुढच्या वर्षावर जाऊ देऊ नका.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. तुम्ही घरी अहिराणी बोलत असाल आणि मंडळही बोलत असेल, तर गाडी-कॅरेटचा भाग अहिराणीतच सांगा. तांत्रिक माणूस उभा राहिला की आपोआप पुस्तकी मराठीत शिरतो आणि समोरच्यांना वाटतं, हा वाचून दाखवतोय. दुसरं, "समजलं ना?" असं विचारू नका. वयानं मोठ्या माणसाला त्यावर "नाही" म्हणणं अवघड जातं. त्याऐवजी म्हणा, "आबा, समजा रविवारी गिरणी बंद आहे, तर शेडमधल्या कॅरेटचं काय करायचं?" त्यांनी "आत ठेवायची, बाहेर नाही काढायची" असं काही उत्तर दिलं, तर ऑटोमॅटिक पॅनेल का हवं ते त्यांना कळलंय आणि तुम्ही ठरावावर जाऊ शकता. उत्तर आलं नाही, तर चूक उदाहरण सांगण्यात आहे. गोण्या आणि कॅरेट यांतला फरक पुन्हा सांगा, पुढं जाऊ नका.

ठरावात फक्त पॅनेलची खरेदी लिहू नका. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये बिलाचे दोन आकडे, केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच, वाचून दाखवायचे, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक कपॅसिटरचं करंट रीडिंग घेऊन वहीत लिहायचं, हेही त्याच ठरावात घ्या. पॅनेल बसल्यावर पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल आलं की दोन आकडे जवळजवळ सारखे दिसायला हवेत. ४ लाखांना ४ लाख १० हजारांच्या आत असेल तर पॅनेल नीट चाललंय. फरक त्याहून जास्त आला तर आधी मीटरच्या डेटामध्ये लीडिंगची नोंद बघा. ती मोठी असेल तर पॅनेलच्या कंट्रोलरला करंट दाखवणाऱ्या सीटीची जोडणी किंवा कंट्रोलरचं सेटिंग चुकलंय. ती नसेल तर क्लॅम्प मीटर घेऊन एकेक कपॅसिटर तपासा.